केस गळले की तुटले, आधी ते पाहा

पार्लरमध्ये केसांवर केलेल्या कामाबद्दल लोक जे रिव्ह्यू लिहितात, त्यांत बहुतेक वेळा दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे ‘खूप छान सर्व्हिस, स्टाफ प्रेमळ, नक्की जा’. दुसरा म्हणजे ‘केसांची पार वाट लावली, चुकूनही पाऊल ठेवू नका’. पहिला रिव्ह्यू बहुधा पार्लरच्या खुर्चीतून उठल्या उठल्या लिहिलेला असतो, केसांवरची इस्त्रीची ऊबही गेलेली नसते. दुसरा दोन-तीन महिन्यांनी, रागाच्या भरात लिहिलेला. ज्या बाईला पुढच्या आठवड्यात पाच-सहा हजार रुपये मोजून त्याच खुर्चीत बसायचं आहे, तिच्या हाती या दोन्हींतून काही लागत नाही. तिचे केस कुरळे आहेत की नुसते भुरभुरीत, तिने आधी रंग लावलाय का, मेंदी लावलीय का, तिच्या केसांवर हेच काम झालं तर काय होईल, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला मिळत नाही.

मी बरीच वर्षं केसांचं काम केलं आणि आता तेच शिकवते. माझं मत स्पष्ट आहे. वाईट अनुभव आला तर तो लिहावाच, पार्लरचं नाव घेऊन लिहावा. पण लिहिताना केसांबद्दल लिहावं, कुणाच्या दिसण्याबद्दल नाही, आणि जेवढं बिघडलं तेवढंच लिहावं. हे मी केवळ सभ्यता म्हणून सांगत नाही. तक्रार फुगवली की तिच्यातला खरा दोष दिसेनासा होतो आणि ज्याने काम बिघडवलं त्याला निसटायला वाट मिळते. हे कसं होतं ते एका उदाहरणावरून नीट कळेल.

माझ्या मैत्रिणीची भाची जानेवारीच्या मध्यावर माझ्याकडे आली. नोव्हेंबरात घरातल्या लग्नासाठी तिने एका पार्लरमध्ये ‘केराटिन’ करून घेतलं होतं, साडेपाच हजार रुपये देऊन. लिहिलेला रिव्ह्यू तिने मला वाचून दाखवला. ‘निम्मे केस जाळून टाकले. टक्कल पडायची वेळ आली आहे. मी आता खराट्यासारखी दिसते. ती बाई स्वतःच एवढी जाडी, तोंडभर पुरळ, ती दुसऱ्याला काय सुंदर करणार? फसवे लोक आहेत.’ वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मावशी, याहून कडक शब्द सुचवा.”

मी आधी केस बघितले. उजेडात, खिडकीपाशी, कोरड्या आणि मग ओल्या केसांत.

उशीवर आणि फणीत येणारे केस तिने मला दाखवायला म्हणून एका पाकिटात जमवून आणले होते. ते पांढऱ्या कागदावर पसरले तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. काही केस पूर्ण लांबीचे होते आणि त्यांच्या एका टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहून लहान अशी गाठ होती. ही केसाच्या मुळाची गाठ. असा केस मुळापासून सुटून आलेला असतो, म्हणजे गळलेला असतो. बाकीचे केस आखूड होते आणि त्यांच्या दोन्ही टोकांना काहीच नव्हतं, एक टोक तर कुंचल्यासारखं पिंजारलेलं. हे मधेच तुटलेले केस. बायका दोन्हींना सरसकट ‘केस गेले’ म्हणतात, पण दोन्हींची कारणं वेगळी असतात. मुळाची गाठ असलेला केस पडतो तेव्हा कारण बहुधा शरीरात असतं. मुळाशिवायचा तुकडा पडतो तेव्हा त्या केसाच्या दांड्यावर काहीतरी झालेलं असतं, उष्णतेने, रसायनाने किंवा ओढाताणीने.

गळलेल्या केसांबद्दल विचारलं तर कळलं की सप्टेंबरच्या अखेरीस तिला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात हे कुणीही त्वचारोगतज्ज्ञ सांगेल. तापाच्या ताणाने बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. तिचं गळणं डिसेंबरात सुरू झालं होतं. हिशेब अगदी तापाशी जुळत होता. एरवीही रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच, पण केराटिन झाल्यावर माणूस फणीकडे जास्त लक्ष देऊन बघायला लागतो. तेव्हा ‘टक्कल पडायची वेळ’ जी काय आली होती, तिचा दोष पार्लरवर टाकायला माझ्यापाशी काही आधार नव्हता.

तुटलेल्या केसांची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि तिथे पार्लरचा दोष पुराव्यानिशी दाखवता येत होता.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. हे एवढं माहीत असलं की डोक्यावरच्या केसात मागच्या वर्षाचा इतिहास वाचता येतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दोन महिने, म्हणजे मुळापासून दोन-अडीच सेंटीमीटर केस नवा, कशाचाही हात न लागलेला. तो हलका लहरी होता आणि त्याखालचा एकदम सरळ. इथवर ठीक. पण डोक्यावर अजून उभे असलेले तुटके केस मोजले तर ते सगळे मुळापासून अकरा ते सोळा सेंटीमीटरच्या मधे कुठेतरी तुटले होते. वरच्या दहा सेंटीमीटरांत तुटलेला केस जवळजवळ सापडेना. मी विचारलं, “गेल्या वर्षी आणखी काही केलं होतंस का?” ती म्हणाली, “मार्चमध्ये स्मूदनिंग केलं होतं, दुसरीकडे.” मार्च ते जानेवारी दहा महिने. म्हणजे मार्चमध्ये केलेला भाग मुळापासून दहा-बारा सेंटीमीटरवर सुरू होणार. केस तुटत होते ते नेमके तिथून खाली. ज्या केसांवर दोनदा काम झालं होतं तेच तुटत होते, ज्यांच्यावर एकदाच झालं होतं ते शाबूत होते.

आता पुढचा प्रश्न. बिलावर ‘केराटिन’ लिहिलं होतं. केराटिनने केस असा तुटावा का? मी तिला त्या दिवशी काय-काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं. आधी केस धुतले, मग एक क्रीम लावलं, त्याला अमोनियाचा आणि सडक्या अंड्यासारखा उग्र वास होता. ते अर्धा-पाऊण तास ठेवलं, मधेमधे एक केस ओढून बघत होत्या. मग धुतलं, वाळवलं, इस्त्री केली, पुन्हा एक पांढरं क्रीम लावलं, थोड्या वेळाने तेही धुतलं.

हे केराटिन नव्हे, हे स्मूदनिंग. केसाच्या आतल्या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि केसाचा बाक त्या बंधांमुळे टिकतो. स्मूदनिंगच्या पहिल्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट जातीचं रसायन असतं, ते हे बंध तोडतं. मग इस्त्रीने केस सरळ बसवतात आणि दुसऱ्या क्रीमने, ज्याला पार्लरमध्ये न्यूट्रलायझर म्हणतात आणि ज्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते बंध नव्या जागी पुन्हा जोडतात. सगळे बंध काही परत जुळत नाहीत. त्यामुळे एकदा स्मूदनिंग झालेला केस दिसायला कितीही गुळगुळीत असला तरी आधीपेक्षा थोडा अशक्त झालेला असतो. म्हणूनच या कामाचा पहिला नियम असा, की पुढच्या वेळी क्रीम फक्त नव्या वाढलेल्या केसांना लावायचं, जुन्या सरळ केलेल्या भागाला नाही. तो भाग तसाही सरळच असतो, पुन्हा बाकत नाही. केराटिनमध्ये दोन क्रीम नसतात. त्यात एक द्राव लावून, वाळवून, खूप तापलेल्या इस्त्रीने तो केसावर बसवतात. त्याचा थर धुऊन धुऊन तीनेक महिन्यांत उतरतो आणि केस हळूहळू मूळ रूपावर येतो. तेव्हा न्यूट्रलायझर लावला होता का, आणि दोन-तीन महिन्यांनी बाक परत आला का, या दोन गोष्टींवरून नेमकं काय केलं हे घरबसल्याही कळतं.

मी तिचा एक केस ओला करून दोन बोटांत धरून हलकेच ताणला. निरोगी ओला केस लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतका ताणला जातो आणि सोडला की मागे येतो. तिचा वरचा भाग तसाच वागला. खालचा भाग ताणला तो ताणलेलाच राहिला आणि तुटला. मग मी शेवटचं विचारलं, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्या प्रत्येकीने ते स्वतःला विचारावं असं मला वाटतं: “आधी काही केलंय का असं त्यांनी विचारलं होतं? तू काय सांगितलंस?” तिने सांगितलं होतं, मार्चचं स्मूदनिंग, महिन्यासकट. मागचा एखादा बारीक झुपका घेऊन त्यावर आधी क्रीम लावून बघितलं का? नाही.

हा झाला खरा दोष. एका कामाचं नाव सांगून दुसरंच काम केलं. जुनं स्मूदनिंग माहीत असूनही त्याच भागावर पुन्हा क्रीम लावलं. आधी चाचणी घेतली नाही. तीन साध्या, तपासता येतील अशा गोष्टी. आणि तिच्या रिव्ह्यूमध्ये यातलं अक्षरही नव्हतं. होतं ते ‘निम्मे केस जाळले’, जे खरं नव्हतं, आणि ‘टक्कल’, ज्याचं कारण वेगळं होतं. पार्लरवालीने उत्तर म्हणून एवढंच लिहिलं असतं की फोटोत तर डोकं भरलेलं दिसतंय, तरी वाचणाऱ्यांचा विश्वास उडाला असता, आणि दोनदा क्रीम लावण्याची गोष्ट कायमची झाकली गेली असती.

कुणी म्हणेल, सौम्य लिहिलं की कुणी दखल घेत नाही, आवाज चढवल्याशिवाय पार्लरवाले हलत नाहीत. यात तथ्य आहे, पैसे परत मागणाऱ्या बाईला ‘चार वेळा धुतलं की सेट होईल’ हे उत्तर मी शंभरदा ऐकलं आहे. पण चढलेला आवाज आणि पक्की तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2018 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एका मॉडेलने सांगितल्यापेक्षा फार आखूड केस कापले गेले. 2021 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिला दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कसूर झाली या निष्कर्षाला हात लावला नाही, पण दोन कोटींचा आकडा रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. नुकसान किती झालं हे पुराव्याने ठरतं, नुसतं मागितलं म्हणून मिळत नाही, असा त्याचा अर्थ. चूक झाली का हा एक प्रश्न आणि नुकसान किती झालं हा दुसरा. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठणकावून देता येतं आणि दुसऱ्याचं प्रामाणिकपणे.

आता दिसण्याची टिंगल. त्या रिव्ह्यूमधली ‘जाडी’ आणि ‘तोंडभर पुरळ’ ही वाक्यं मी तिला आधी काढायला लावली. केसाला क्रीम कुठून कुठपर्यंत लावायचं याचा लावणारीच्या चेहऱ्याशी काय संबंध? त्या खुर्चीमागे उभी असणारी मुलगी बऱ्याचदा महिना दहा-पंधरा हजारांवर आणि थोड्या कमिशनवर दहा-दहा तास उभी असते. मणिपूरची, नागालँडची, बिहारची मुलगी असली तर तिच्या डोळ्यांवर, रंगावर, बोलण्यावर लिहिलेलं मी वाचलेलं आहे, आणि ते वाचून मला संताप येतो. चूक कुठल्या पायरीवर झाली ते लिहावं. ती मुलगी नुकती शिकत होती आणि तिला एकटीलाच काम दिलं होतं, असं असेल तर तेही लिहावं, कारण तो मालकिणीचा दोष आहे. तिचं नाव आणि तिचं दिसणं वाचणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही.

‘मी खराट्यासारखी दिसते’ हे वाक्यही मी काढायला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, मी स्वतःबद्दलच बोलतेय ना!” पण तिच्यासारखेच दाट, राठ, पसरट केस जन्मतः असलेल्या कितीतरी मुली ते वाचणार आहेत. आणि ही भाषा मुळात तिची नव्हतीच. मी तिला विचारलं, हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला? तिने आठवून सांगितलं, त्या पार्लरमध्येच. आत गेल्यावर केसांतून हात फिरवत ‘अगं बाई, केवढे फ्रिझी, अगदी खराटा झालाय’ असं म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्यात केराटिनचा दर सांगितला. ट्रिमिंगला आलेल्या बाईला पाच हजारांचं पॅकेज विकायची ही जुनी रीत आहे. आधी तिला तिच्या केसांची, चेहऱ्यावरच्या लवीची, डोळ्यांखालच्या काळसरपणाची लाज वाटायला लावायची, मग उपाय पुढे करायचा. रिव्ह्यूमध्ये या बोलण्याला जागा आहे, आणि मोठी जागा आहे, पण वागणुकीचा दोष म्हणून: ‘मी न विचारता माझ्या केसांना नावं ठेवली आणि लगेच महागडी ट्रीटमेंट सुचवली.’ हे वाचून पुढची बाई सावध होते. तेच शब्द आपण स्वतःला लावून घेतले, तर त्यांची रीत आपणच पुढे चालवतो.

मात्र वाढवून सांगू नये याचा अर्थ गंभीर गोष्ट हलकी करून सांगावी असा कुणी घेऊ नये. टाळूवर फोड आले, भाजल्यासारखी आग झाली, इस्त्री करताना निघणाऱ्या धुराने डोळे झोंबले, खोकला आला, श्वास कोंडला, तर तेच शब्द जसेच्या तसे लिहावेत, आणि आधी डॉक्टरकडे जावं. केस सरळ करण्याच्या काही द्रावांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलेलं आहे. बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. 2010 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या यंत्रणेने अशाच लेबलचं एक उत्पादन तपासलं तेव्हा त्यात फॉर्माल्डिहाइड सापडलं होतं. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेले द्राव आले, तर अशा द्रावांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. अशी इजा थोड्यांनाच झालेली आहे, त्यामुळे प्रत्येक केराटिनला ‘विष’ म्हणणं बरोबर नाही. पण खोलीत खिडकी होती का, पंखा किंवा एक्झॉस्ट चालू होता का, बाटली मागितल्यावर दाखवली का, हे रिव्ह्यूमध्ये असेल तर दम्याचा त्रास असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईला त्या एका ओळीने निर्णय घेता येतो. तिथे दिवसभर काम करणाऱ्या मुलीही तोच धूर आमच्या कितीतरी पट जास्त घेतात.

उलट बाजूनेही माझ्याशी वाद घालतात. ‘एकटी बाई, घराच्या पुढच्या खोलीत कर्ज काढून पार्लर चालवते, तिच्या पोटावर कशाला पाय?’ माझ्या शिकवलेल्या मुलींपैकी कितीतरीजणी डोंबिवली, सांगली, नगर इथे असंच पार्लर चालवतात, त्यामुळे हे म्हणणं मला मनापासून कळतं. म्हणूनच मी आधी पार्लरला फोन करायला सांगते, आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही रिव्ह्यूत घालायला सांगते. पण गप्प बसायला सांगत नाही. आयब्रोच्या चाळीस रुपयांत भुवईचे दोन केस वरखाली झाले तर ते सोडून द्यावं, तीन आठवड्यांत येतात. साडेपाच हजार घेऊन, नाव एक सांगून काम दुसरं केलं, तर पुढची बाई ते कळल्याशिवाय तिथे बसणार आहे, आणि तीही कर्जाचे हप्ते भरणारीच असेल.

चांगल्या रिव्ह्यूंनाही हीच कसोटी लावावी. खुर्चीतून उठल्यावर काढलेला फोटो हा पार्लरच्या दिव्यांचा आणि नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीचा फोटो असतो. पहिल्या धुण्यानंतर, इस्त्री किंवा ड्रायर न फिरवता, नैसर्गिकरीत्या वाळलेल्या केसांचा, घरच्या खिडकीतल्या उजेडात काढलेला फोटो खरा. आधीचा फोटोही त्याच खिडकीत काढलेला असावा. मग दीड-दोन महिन्यांनी एक. आणि त्याखाली आपले केस मुळात कसे आहेत, रंग किंवा मेंदी आहे का, घरी बोअरचं पाणी येतं का, हे दोन ओळींत. बाजारात पाकिटात मिळणारी काळी मेंदी ही पुष्कळदा नुसती मेंदी नसते, तिच्यात रासायनिक रंग मिसळलेला असतो, आणि अशा केसांवर क्रीम कुठे चढतं, कुठे चढत नाही. तेव्हा ‘मला चट्टेपट्टे आले’ या तक्रारीत मेंदीचा उल्लेख नसेल तर ती तक्रार अपुरी आहे.

भाचीने अखेर जो रिव्ह्यू लिहिला तो असा:

‘नोव्हेंबरच्या मध्यावर खांद्याखाली येणाऱ्या, लहरी केसांवर काम करून घेतलं. बिल केराटिनचं, 5,500 रुपये. प्रत्यक्षात दोन क्रीम आणि मधे इस्त्री, म्हणजे स्मूदनिंग केलं. मार्चमध्ये दुसरीकडे स्मूदनिंग केलं होतं हे मी आधीच सांगितलं होतं, तरी क्रीम मुळापासून टोकापर्यंत लावलं आणि आधी झुपक्यावर चाचणी घेतली नाही. पहिले तीन आठवडे केस छान, सरळ दिसले. डिसेंबरपासून जुन्या स्मूदनिंगच्या भागात केस मधेच तुटत आहेत, पुढच्या बाजूला आणि माथ्यावर जास्त. अंदाजाने पाच-सहातला एक केस त्या भागात तुटला असेल. टाळूला काही त्रास झाला नाही. माझे केस मुळापासूनही गळत आहेत, पण मला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता, त्यामुळे ते पार्लरमुळे असं मी म्हणत नाही. गेल्यावर लगेच माझ्या केसांना खराटा म्हणाल्या, ते आवडलं नाही. थ्रेडिंग आणि कट इथे दोन वर्षं करते आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ज्यांचं आधी स्मूदनिंग झालंय त्यांनी इथे केराटिन सांगितलं तर क्रीम किती आणि कोणती, ते आधी विचारावं.’

‘पाच-सहातला एक’ हा अंदाज तिचा आणि माझा मिळून, माथ्यावरचे दोन झुपके वेगळे करून मोजलेला. निम्मे नाही. पण पाच-सहातला एक हेही काही थोडं नाही, आणि ते वाचून कुणी अविश्वास दाखवला नाही.

पार्लरच्या मालकिणीचं उत्तर दोन दिवसांत आलं: ‘तुमचे केस आधीपासूनच खराब होते.’ पण मार्चचं स्मूदनिंग सांगितलं होतं हे रिव्ह्यूत आधीच होतं, त्यामुळे त्या उत्तराने त्यांचीच जबाबदारी वाढली. आधीपासून खराब होते आणि तुम्हाला माहीत होते, तर क्रीम का लावलंत? मग फोन आला, दोन हेअर स्पा फुकट देतो म्हणून. हेअर स्पाने तुटलेला केस जुळत नाही, वरून थोडा मऊ लागतो इतकंच. तिने ते नाकारून पैसे मागितले. बऱ्याच बोलण्यानंतर केराटिन आणि स्मूदनिंगच्या दरातला फरक आणि वर थोडी रक्कम मिळाली, रिव्ह्यू काढून टाका अशी अट घालून. ती अट तिने मानली नाही. किती रक्कम परत मिळाली ते मात्र तिने रिव्ह्यूत लिहिलं, कारण तेही खरंच होतं.

मार्चच्या सुरुवातीला तिचं गळणं बरंच कमी झालं, मुळाशी बोटभर नवे केस दिसायला लागले. तिने रिव्ह्यूत तारखेसह ती ओळ घातली. तुटलेल्या भागाबद्दलची ओळ तशीच ठेवली, कारण तो भाग वाढून कापला जाईपर्यंत अजून वर्षभर तरी तसाच राहणार आहे.